वाक्य लोणारचं आणि क्लिप अ‍ॅरिझोनाची

"ताई, मी मेहकरला राहतो, चेहरा न दाखवता फॅक्ट्सचा चॅनल चालवतो, आवाज माझाच असतो. स्क्रिप्ट दोन तासांत होते पण मग क्लिपा शोधण्यात दोन रात्री जातात आणि शेवटी कंटाळून जे मिळेल ते लावतो. लोणारच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलं, 'हे लोणार नाहीच'. तो बरोबर होता. स्क्रिप्टमध्येच फुटेजचे क्यू लिहायचे असतात म्हणे, ते नेमके कसे लिहायचे?"
– मेहकरचा एक वाचक

अरे, तुझा व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण त्यात कुठली क्लिप असणार ते मी बसल्या जागी सांगू शकते. तयार क्लिपा मिळणाऱ्या स्टॉकच्या साइटवर `meteor crater aerial` टाकलं की पहिल्या रांगेतच अमेरिकेतलं अ‍ॅरिझोनाचं विवर येतं, उघडंबोडकं, तांबूस माती, आत पाण्याचा थेंब नाही. आणि `crater lake` टाकलं असशील तर त्याहून वाईट, कारण ऑरेगन राज्यात क्रेटर लेक नावाचं एक तळं आहे आणि सगळ्या क्लिपा त्याच्याच येतात, निळंशार पाणी, मधे बेट. ते ज्वालामुखी खचून झालेलं तळं आहे. म्हणजे तुझा आवाज सांगतोय की लोणार उल्केने झालं आणि पडद्यावर ज्वालामुखीचं तळं चाललंय, एकाच सेकंदाला दोन उलट्या गोष्टी.

माझ्या हातूनही हे झालंय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका चॅनलसाठी एडिट करत होते, लोणारचं पाणी गुलाबी झालं या वाक्यावर मी ऑस्ट्रेलियातल्या लेक हिलियरची क्लिप लावली, कारण गुलाबी तळं शोधलं की तेच सगळ्यात आधी येतं. त्या क्लिपमध्ये तळ्याला लागून समुद्र दिसतो. एका शाळेतल्या मुलाने कमेंटमध्ये विचारलं की बुलढाण्यात समुद्र कुठून आला. व्हिडिओ उतरवून परत करावा लागला आणि त्या मुलाचं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, कारण त्या व्हिडिओतला शब्द न् शब्द खरा होता तरी आम्ही त्याला खोटंच दाखवलं होतं.

क्यू म्हणजे कुठल्या वाक्यावर कुठलं चित्र लावायचं याची नोंद, आणि तेव्हापासून मी स्क्रिप्ट आणि क्यू वेगळे लिहिणं बंद केलं. शीट उघडायची, चार रकाने करायचे: आवाज, सेकंद, चित्र आणि खूण. एक रो म्हणजे एक वाक्य, फार तर दोन. वाक्य टाइप झालं की लगेच त्याच रोमध्ये चित्र लिहायचं आणि चित्र सुचेपर्यंत पुढच्या वाक्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला स्क्रिप्टला दोनाऐवजी चार तास लागतील, पण त्या दोन रात्री वाचतात, कारण क्लिपा शोधायला बसतोस तेव्हा काय शोधायचंय ते आधीच ठरलेलं असतं.

सेकंदांचा रकाना अंदाजाने भरू नकोस. तुझीच एखादी जुनी स्क्रिप्ट घे, शंभर शब्द मोज, घड्याळ लावून नेहमीच्या वेगाने वाच. मला ४५ सेकंद लागतात, म्हणजे दहा शब्दांना साडेचार सेकंद. तुझा आकडा वेगळा येईल, तो एकदा लिहून ठेवला की झालं. आता बारा शब्दांचं वाक्य असेल तर साधारण साडेपाच सेकंद भरायचे आहेत हे आधीच कळतं, आणि एकच क्लिप पाच सेकंदांच्या पुढे गेली की बघणाऱ्याचा अंगठा हलायला लागतो, तिथे दोन चित्रं लागणार हेही तिथल्या तिथे कळतं.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी तीनच खुणा करते. 'ख' म्हणजे खरं, जे बोलतोय तीच जागा, तीच वस्तू. 'प्र' म्हणजे प्रातिनिधिक, पाणी आटतंय, उल्का पडतेय असं कुठलंही चालेल असं चित्र. 'आ' म्हणजे आकृती, त्यात नकाशा, आकडा, पट्टी, अक्षरं सगळं आलं. आणि नियम एकच: वाक्यात जागेचं, माणसाचं किंवा संस्थेचं नाव असेल तर खूण 'ख' किंवा 'आ' हवी, तिथे 'प्र' चालत नाही. वाक्य एखाद्या क्रियेबद्दल असेल, म्हणजे बाष्पीभवन, टक्कर, खारटपणा, तर 'प्र' चालतं. तुझ्या लोणारच्या व्हिडिओत हाच नियम मोडला गेला असणार, आवाजात लोणार हे नाव आणि पडद्यावर दुसरंच नाव असलेली जागा.

आता तोच विषय घेऊन रो लिहून दाखवते.

आवाज: "२०२०च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं एक हिरवं तळं काही दिवसांत गुलाबी झालं."
चित्र: उपग्रहाचे दोन फोटो, आधी हिरवा मग गुलाबी, कोपऱ्यात तारखा. साडेपाच सेकंद. खूण ख.

हे फोटो खरंच आहेत आणि फुकट आहेत. नासाच्या अर्थ ऑब्झर्व्हेटरीने लँडसॅट ८ ने काढलेले लोणारचे दोन फोटो दिलेत, एक २५ मे २०२० चा आणि एक १० जून २०२० चा. नासाचे फोटो साधारणपणे वापरायला मोकळे असतात, फक्त नासाचं नाव द्यायचं आणि नासाने आपल्याला पाठिंबा दिलाय असं भासवायचं नाही. दोन फोटो एकावर एक ठेव, वरचा हळूहळू विरघळू दे, बस. कुठल्याही ड्रोन क्लिपपेक्षा हे जास्त धरून ठेवतं, कारण पहिल्या पाच सेकंदांतच तुझं वाक्य खरं असल्याचा पुरावा पडद्यावर येतो.

आवाज: "याचं नाव लोणार, आणि हे उल्का आदळून झालेलं विवर आहे."
चित्र: महाराष्ट्राचा नकाशा, झूम बुलढाण्यावर (आ), मग `asteroid entering atmosphere` ची अ‍ॅनिमेशन क्लिप (प्र). पाच सेकंद.

इथे बघ, एकाच वाक्यात दोन खुणा आल्यात. नाव येतं तोवर नकाशा, आणि 'उल्का' या शब्दावर कट मारायचा. कट वाक्य संपल्यावर नाही तर शब्दावर पडला पाहिजे, म्हणून चित्राच्या रकान्यात मी ज्या शब्दावर कट आहे तो शब्द अधोरेखित करून ठेवते. अ‍ॅनिमेशन क्लिप चालते कारण ती कुणालाच खरी वाटत नाही, ती पन्नास-एक हजार वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी घटना आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं.

आवाज: "काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि खोली सुमारे १४० मीटर."
चित्र: विवराचा फोटो स्थिर, त्यावर आडवी रेघ आणि आकडा, मग बाजूला ४५ मजली इमारतीची आकृती. पाच सेकंद. खूण ख आणि आ.

आकड्याचं वाक्य आलं की स्टॉक शोधायचंच नाही हे मनाशी पक्कं कर. आकडा ऐकताना तो दिसलाही पाहिजे, नाहीतर राहत नाही. एक मजला ३ मीटरचा धरला तर १४० मीटर म्हणजे पंचेचाळीस मजल्यांच्या वर, हा हिशोब बघणाराही मनात करून बघू शकतो. लोणारचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात, पण प्रत्येक फोटोखालचं लायसन्स वाच. `CC BY-SA` असेल तर डिस्क्रिप्शनमध्ये फोटो काढणाऱ्याचं नाव आणि लायसन्सचं नाव लिहावं लागतं, तू काही बदल केला असशील तर तेही.

आवाज: "पाणी घटलं, खारटपणा वाढला, आणि मीठ आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले, त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसायला लागलं."
चित्र: आटलेल्या पाण्याच्या कडेला मिठाचा थर, `salt crust macro` (प्र), मग `pink salt pond aerial` आणि त्यावर पट्टी. आठ सेकंद.

या रोवर जरा थांब. इथे पटकन हात जातो तो `bacteria microscope` वर, शेपटीवाले निळे-हिरवे जंतू वळवळताना. ती क्लिप नको. हॅलोआर्किया हे बॅक्टेरिया नाहीत, वेगळ्या गटातले जीव आहेत, आणि जीवशास्त्र शिकलेला एक जरी बघणारा असला तरी तो तिथे अडखळणार. त्यापेक्षा गुलाबी मिठागराची क्लिप घे आणि त्यावर अक्षरं टाक: 'मिठागरांतही असेच जीव रंग आणतात'. हे खरं आहे, परदेशातली मोठी मिठागरं याच गटातल्या जीवांमुळे लालसर-गुलाबी दिसतात. म्हणजे जी गुलाबी पाण्याची क्लिप लोणार म्हणून लावली असती तर थाप झाली असती, तीच क्लिप एका पट्टीमुळे खरी माहिती झाली. मी जे शिकले त्यातलं सगळ्यात उपयोगाचं हेच आहे रे, की दुसऱ्या जागेची क्लिप लावणं गुन्हा नाही, ती कुठली आहे हे लपवणं चूक आहे. कोपऱ्यात 'प्रातिनिधिक दृश्य' लिहायला दोन शब्द लागतात.

पुढचं वाक्य पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं येईल, तिथे पाण्याचे नमुने तपासले गेले होते. नियम आठव, संस्थेचं नाव आलं म्हणजे पांढरा कोट घातलेला परदेशी माणूस टेस्ट ट्यूब हलवताना दाखवायचा नाही. साधी अक्षरांची पाटी कर, मागे तोच उपग्रहाचा फोटो धूसर करून. तीन सेकंदांचं काम आहे.

आणि वय. जुन्या मोजणीत लोणारचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं, नंतर आर्गॉनच्या पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार आलं. बरेच चॅनल यातला एकच आकडा ठोकून देतात आणि मग कमेंटमध्ये भांडणं होतात. तू दोन्ही दे, दोन पट्ट्या शेजारी काढ, एक छोटी, एक तिच्या अकरापट लांब. तो फरक डोळ्यांना दिसला की लोक थांबतात, हा माझा अनुभव आहे.

एक वाक्य मात्र तुझ्या स्क्रिप्टमध्ये असेल तर काढ. 'बेसाल्ट खडकातलं जगातलं एकमेव विवर'. हे वाक्य सगळीकडे फिरतंय, पण ब्राझीलमध्ये व्हार्जिआव आणि व्हिस्टा अलेग्रे ही बेसाल्टमधलीच विवरं आहेत. 'बेसाल्टमधल्या मोजक्या विवरांपैकी एक, आणि त्यातलं खूप छान टिकलेलं' असं म्हण. फॅक्ट्सच्या चॅनलमध्ये एकमेव, सर्वात, पहिलं असे शब्द आले की त्या रोला मी लाल रंग देते आणि दोन वेगळ्या ठिकाणी तपासल्याशिवाय तो रंग काढत नाही.

चित्राचा रकाना अजून एक काम करतो जे मला सुरुवातीला कळलंच नव्हतं, तो स्क्रिप्टचं एडिटिंग करतो. 'हा निसर्गाचा एक अद्भुत चमत्कारच म्हणावा लागेल' या वाक्यासमोर काय लिहिशील? सूर्योदय? ढग पळताना? काहीही लिहिलं तरी चालतं, म्हणजेच त्या वाक्यात काही नाही, ते उडव. 'शास्त्रज्ञही हैराण झाले' याच्यासमोर डोक्याला हात लावलेला माणूस येतो, तेही उडव. ज्या वाक्यात दिसणारं नाम आहे, मीठ, काठ, खडक, पाणी, नमुना, त्यालाच चित्र मिळतं. माझ्या एका दहा मिनिटांच्या स्क्रिप्टमधली जवळपास दोन मिनिटं अशीच गेली आणि व्हिडिओचं काहीही बिघडलं नाही.

शोधशब्द इंग्रजीतच लिही, मराठीत टाकून हाताला फार काही लागत नाही. तीन भाग ठेव: वस्तू, कुठून दिसतेय, काय होतंय. `salt crust macro`, `asteroid entering atmosphere`, `dry lake bed drone` असे. नुसतं `nature` किंवा `science` टाकलंस तर रात्र जाईल. आणि क्लिप डाउनलोड करायच्या आधी अपलोड करणाऱ्याने खाली काय लिहिलंय ते वाच, टॅगवर जाऊ नकोस, कारण जास्त लोकांना सापडावं म्हणून टॅगमध्ये लोक काहीही भरतात. शंका आली तर एक फ्रेम स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये टाक, जागा प्रसिद्ध असेल तर बहुतेक वेळा लगेच सापडते. लोणारची ओळख तर तुला माझ्यापेक्षा चांगली असणार, काठाच्या उतारावर झाडी, काळा खडक, खाली गोल पाणी, आणि पाण्याजवळ कमळजा देवीचं देऊळ. यातलं एकही नसेल तर खात्री होईपर्यंत ती क्लिप लोणारची धरू नकोस.

लायसन्सचं थोडक्यात. पेक्सेल्स आणि पिक्साबेवरच्या क्लिपा कमाईच्या व्हिडिओतही चालतात, नाव द्यायची सक्ती नाही. विकतच्या साइटवर क्लिपखाली `Editorial Use Only` लिहिलेलं असेल तर ती सोड, नियम पूर्ण वाचल्याशिवाय तिच्या नादी लागू नकोस. प्रत्येक क्लिपची लिंक आणि डाउनलोडची तारीख शीटमध्ये पाचव्या रकान्यात टाक, कधी क्लेम आला तर उत्तर द्यायला तेवढंच हाताशी लागतं. क्लिपचा मूळ आवाज बंद कर, बरेचदा क्लेम चित्रावर नाही तर त्यात असलेल्या संगीतावर येतो.

आणि एक नीट समजून घे, लायसन्स असलं म्हणजे मॉनेटायझेशन मिळालं असं नाही. कॉपीराइट वेगळं आणि यूट्यूबचा रीयूज्ड कंटेंटचा नियम वेगळा. तीच फुकटची क्लिप हजार चॅनलवर असते, तपासणारा माणूस बघतो की तू त्यात स्वतःचं काय घातलंस. तुझा स्वतःचा आवाज आहे ही जमेची बाजू, त्यात तुझा नकाशा, तुझ्या पट्ट्या, तुझी मांडणी आली की ते तुझं दिसायला लागतं. एका मिनिटाच्या स्क्रिप्टमध्ये साधारण पंधरा चित्रं असतात, त्यातली 'प्र' खूण असलेली निम्म्याहून जास्त झाली तर मी परत लिहायला बसते.

व्हिडिओ टाकल्यावर आठवड्याने यूट्यूब स्टुडिओत ऑडियन्स रिटेन्शनचा, म्हणजे लोक कुठवर बघतात त्याचा, आलेख उघड आणि शेजारी शीट ठेव. जिथे रेघ खाली कोसळते तो सेकंद बघ, शीटमध्ये तो कुठल्या रोमध्ये पडतो ते शोध. माझ्याकडे बहुतेक वेळा दोनच कारणं निघाली, एक तर चित्र वाक्यानंतर दोन सेकंद उशिरा आलं होतं, किंवा सलग तीन 'प्र' लागले होते. पुढच्या स्क्रिप्टमध्ये तेवढंच बदलायचं, सगळं एकदम नाही.

आता तुझ्यासाठी खास, कारण तू मेहकरचा आहेस. लोणार तुझ्यापासून गाडीने तासाभराच्या आत आहे आणि तू अ‍ॅरिझोनाची क्लिप लावतोयस. एका सकाळी जा. पूर्वेच्या काठावर उभा राहा म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि समोरचा उतार स्वच्छ उजळतो. मोबाईल आडवा धर, शॉर्ट्सही करत असशील तर प्रत्येक शॉट एकदा उभाही घे, कठड्यावर टेकव, प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता. पूर्ण गोलाकार काठ, काळ्या खडकाचा जवळून पोत, पाण्याची कडा, गोमुखाजवळची गोड्या पाण्याची धार, दैत्यसूदन मंदिराची भिंत, आणि एक शॉट तुझ्या हाताचा, खडकावरून फिरताना, चेहरा न दाखवताही माणूस दिसतो त्यात. ड्रोन नेऊ नकोस, ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही. पाणी किंवा दगड उचलून आणू नकोस, आणि खाली उतरायच्या आधी वनखात्याच्या माणसाला विचार. असे दहा-बारा शॉट आणलेस की लोणारच्या त्या व्हिडिओतले सगळे 'ख' तुझ्याच फोनमधले होतील, मग नवा व्हिडिओ टाक, आणि ज्याने 'हे लोणार नाहीच' असं लिहिलं होतं त्याच्या कमेंटला उत्तर म्हणून नव्या व्हिडिओची लिंक दे, आणि जुना व्हिडिओ त्यानंतरच प्रायव्हेट कर, कारण तो प्रायव्हेट झाला की ती कमेंटही त्याच्याबरोबरच दिसेनाशी होईल.